कांद्याच्या भावाला 'चक्र' आहे म्हणे!

कांदेनवमी: लासलगावच्या दहा वर्षांच्या मासिक सरासरी भावाचा ऑटोकोरिलेशन प्लॉट काढला, म्हणजे भाव काही महिने आधीच्या भावाशी किती जुळतो ते बघितलं; जितके महिने मागे तितका लॅग. पहिल्यापासून आठव्या लॅगपर्यंत सगळ्या काड्या निळ्या रेषेच्या वर! म्हणजे भाव ठरलेल्या अंतराने स्वतःला रिपीट करतो, हे सिद्ध. 'कांदा बेभरवशाचा' म्हणणाऱ्यांनी तोंड बंद करावं.

खडूस_मास्तर: तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, पण 'सिद्ध' वाचलं आणि राहवलं नाही. सलग उतरत जाणाऱ्या काड्या हे चक्राचं नव्हे, रेंगाळण्याचं लक्षण. या महिन्याचा भाव मागच्या महिन्याच्या आसपास असतो, मागचा त्याच्या मागच्याच्या. ही साखळीच आठव्या लॅगपर्यंत ओढत जाते. वार्षिक चक्र असेल तर काडी उतरते, सहाच्या सुमारास शून्याखाली जाते, बाराला पुन्हा डोकं काढते आणि चोविसाला परत. हे आर या संगणकभाषेत चालवून बघा:

```r
acf(cumsum(rnorm(120)))
```

यात कुठलंच चक्र नाही, नाणेफेकीसारखी बेरीज आहे. तरी बहुतेक वेळा तुमच्यासारखाच प्लॉट येतो. आणि १२० महिन्यांना आर स्वतःहून २० लॅगच दाखवतो, म्हणजे चोविसावी काडी तुम्ही पाहिलेलीच नाही. `lag.max=48` द्या आणि मग बोला.

डिफ_पाटील: मास्तर बरोबर, पण अर्धवट. ट्रेंड काढल्याशिवाय प्लॉट बघूच नये. मी `diff(x, lag=12)` घेतो. माझ्याकडे बाराव्या लॅगला खाली जाणारी दणदणीत काडी आली, साधारण −०.५. वार्षिक चक्राचा याहून मोठा पुरावा काय हवा?

खडूस_मास्तर: ती काडी तुम्ही स्वतः तयार केली आहे. शुद्ध गोंगाट घ्या, बारा महिने मागचा आकडा वजा करा, बाराव्या लॅगला −०.५ च्या जवळ काडी येणारच, कारण तोच आकडा एकदा अधिक आणि बारा महिन्यांनी उणे असा दोनदा वापरला. वार्षिक चक्र शोधायचं असेल तर `diff(log(x))` घ्या, शेजारच्या महिन्याशीच फरक. आरमधला `co2` डेटा बघा: कच्चा प्लॉट नुसता वर तरंगतो, `diff` करून `lag.max=48` दिल्यावर वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं अशा काड्या स्पष्ट उभ्या राहतात.

डिफ_पाटील: वजाबाकीमुळे येते हे मान्य. पण तुमचा सूर मान्य नाही.

चाळवाला_निफाड: तुम्ही सगळे काड्या मोजत बसा. आमच्या कांदाचाळीत उन्हाळ कांदा एप्रिलपासून पडून आहे, रोज सडका वेचून फेकतोय. पावसाळा सरता सरता चाळ रिकामी होत येते, नवा खरीप अजून यायचा असतो, तेव्हा भाव चढतो. याला प्लॉट कशाला? आणि भाव चढला की निर्यातबंदी! सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२३. ही तुमची लॅग!

पुणेरी_ग्राहक: भाव शंभरी गाठतो तेव्हा आम्ही काय खायचं? बंदी नसती तर अजून चढला असता.

चाळवाला_निफाड: दोन रुपये किलोने विकावा लागतो तेव्हा कुठे असता तुम्ही? तेव्हा धागा काढा.

पुणेरी_ग्राहक: म्हणजे दर वेळी ग्राहकच चोर. चालू द्या.

गणिती_वहिनी: भांडा, पण दोघांच्या बोलण्यात धाग्याचंच उत्तर आहे. चाळ रिकामी होणं वर्षाच्या ठरलेल्या वेळी येतं, ते बाराव्या लॅगला दिसायला हवं. बंदीचे झटके ठरलेल्या वेळी येत नाहीत, पण आकाराने मोठे असतात. एकच प्रचंड भडका असला तर अख्खा प्लॉट त्या एका भडक्याचा आकार दाखवतो, बाकीची वर्षं झाकली जातात. म्हणून लॉग. आणि तो भडका काढून एकदा, ठेवून एकदा असे दोन प्लॉट काढा. बारावी काडी दोन्हींत टिकली तरच तिच्यावर विश्वास.

चाळवाला_निफाड: वहिनी, बंदीही सप्टेंबरच्या सुमारालाच येते दोनदा! ती ऋतूचीच म्हणा की.

गणिती_वहिनी: म्हणा, मी नाही म्हणणार. दहा वर्षांत दहाच सप्टेंबर. सरकारचा हात आणि हंगाम वेगळे काढायला तेवढे पुरत नाहीत.

कांदेनवमी: बरं बाबांनो, `lag.max=48` आणि लॉग-डिफ घेऊन काढला. बाराला काडी रेषेच्या जेमतेम वर आहे. चोविसाला नाही. खूश?

खडूस_मास्तर: रेषा ±०.१८ ला आहे ना? अठ्ठेचाळीस काड्यांत दोन-तीन तशाही ओलांडतात. पण बारा हा आकडा आधीपासून डोक्यात होता, म्हणून थोडं वजन देतो. थोडंच.

कांदेनवमी: उपकार झाले. 'सिद्ध' काढून 'शंका' लिहितो.

चाळवाला_निफाड: आणि आज बाजारात काय निघाला, ते कोणी सांगेल का?