खात्यांची माहिती फुटली: ग्राहकांना मोघम लिहायचं की स्पष्ट?

जुनाबॅकअप: आमची एक बॅकअप फाइल उघड्या स्टोरेजवर राहिली आणि कोणीतरी उतरवून घेतली. त्यात नावं, ईमेल, फोन नंबर आणि पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेले ठसे, आहेत. मसुदा असा: "तुमची सुरक्षितता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे. काही माहिती पाहिली गेली असण्याची शक्यता आहे. पासवर्ड एनक्रिप्टेड होते. गैरवापराचा पुरावा नाही. खबरदारी म्हणून पासवर्ड बदला." घबराट नको म्हणून मोघम ठेवलंय. चालेल ना?

लॉगवाचक: नाही चालणार. फाइल उतरवली गेल्याचं तुम्हाला माहीत आहे, मग "शक्यता" कशाची? हॅशला एनक्रिप्टेड म्हणणंही चूक. ज्याच्याकडे फाइल आहे तो घरबसल्या एकेका पासवर्डचा हॅश काढून जुळतो का पाहू शकतो.

"पुरावा नाही" हे वाक्य तर काढाच. स्टोरेजच्या नोंदी किती दिवस ठेवता? ३० दिवसांच्या नोंदी आणि फाइल पाच महिने उघडी, असं असेल तर चार महिन्यांचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. तेच लिहा:

"१२ मार्च ते ९ ऑगस्ट आमची एक बॅकअप फाइल इंटरनेटवर उघडी होती. ४ ऑगस्टला ती बाहेरच्या कोणीतरी उतरवून घेतली. १० जुलैच्या आधीच्या नोंदी आमच्याकडे नाहीत, त्यामुळे त्यापूर्वीही कोणी घेतली का, हे सांगता येत नाही. फाइलमध्ये तुमचं नाव, ईमेल, फोन नंबर आणि पासवर्डचा हॅश होता. कार्डाची माहिती नव्हती. आम्ही सर्व खात्यांचे पासवर्ड रद्द केले आहेत. तोच पासवर्ड दुसरीकडे, विशेषतः ईमेलला, असेल तर आधी तिथला बदला."

शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. तुमच्याकडचं दार बंद झालं. चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी आता इतरत्र लावून पाहणार.

थेटबोल: उगाच घाबरवताय. हॅश बीक्रिप्ट पद्धतीचे असतील तर फुटत नाहीत. आणि "नोंदी नाहीत" हे स्वतःहून छापायला कोणता वकील परवानगी देईल?

लॉगवाचक: बीक्रिप्टमुळे प्रत्येक अंदाजाला वेळ लागतो, एवढंच. लांब, वेगळा पासवर्ड टिकेल. नेहमीच्या यादीतला पहिल्याच फेरीत सापडेल. वकिलाला २०१२ची लिंक्डइनची फूट दाखवा. तेव्हा सुमारे ६५ लाख हॅश समोर आले होते, २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटींच्या वर होता. जे तपासलं नाही ते "झालं नाही" म्हणून छापू नये.

मेलपहारा: मेलमध्ये "पासवर्ड बदला"चं बटण मात्र नको. चोराकडे तुमच्याच ग्राहकांची नावं आणि ईमेल आहेत. हुबेहूब तसाच मेल तोही पाठवेल. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा असं सांगा.

मदतकक्ष: हे बोलायला सोपं आहे! लिंक नसली की लोक नाव शोधतात आणि वर दिसणाऱ्या पहिल्या जाहिरातीवर क्लिक करतात. ती खोटी निघाली तर? वर मदतीच्या रांगेत एकच प्रश्न: "मेल खरा आहे का?"

मेलपहारा: म्हणून लिंक देऊन लोकांना त्याचीच सवय लावायची?

मदतकक्ष: सवय आधीपासून आहे, ती याच आठवड्यात मोडणार नाही. निदान तीच सूचना मुखपृष्ठावर लावा आणि मेलमध्ये तसं सांगा, म्हणजे पडताळून पाहता येईल.

मेलपहारा: मुखपृष्ठाचं मान्य. लिंकचं नाही.

खातंबंद: मला वेगळाच राग आहे. एका सेवेतलं खातं मी बंद केलं, तरी नंतर फुटीचा मेल आला. बंद खात्यांची माहिती ठेवताच कशाला?

थेटबोल: धागा मेल कसा लिहायचा याचा आहे.

लॉगवाचक: प्रश्न इथलाच आहे. जुन्या बॅकअपमध्ये बंद खाती असतातच. त्यांना लॉगिन करता येत नाही, म्हणजे "पासवर्ड बदला" हा सल्ला निरुपयोगी. त्यांना वेगळा मेल हवा: खातं बंद असूनही माहिती फाइलमध्ये का होती आणि आता कधी पुसणार.

जुनाबॅकअप: तपासलं. बंद खाती आहेत. शिवाय बीक्रिप्ट सगळीकडे नाही. बीक्रिप्टवर गेलो तेव्हा ज्याच्या-त्याच्या पुढच्या लॉगिनला हॅश नव्याने बनायचा. जे नंतर आलेच नाहीत त्यांचे हॅश जुन्या एमडी५ पद्धतीचे, तेही सॉल्टशिवाय, म्हणजे प्रत्येक पासवर्डला वेगळी अक्षरं न जोडता.

लॉगवाचक: मग त्यांचे पासवर्ड उघडे पडले असंच धरा. साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ तपासतं. त्यांना "हॅश होता" लिहिणं म्हणजे दिशाभूल. "तुमचा पासवर्ड उघड झाला असं समजा" असं लिहा आणि हा मेल सर्वांत आधी पाठवा. फाइलमध्ये सेशनचं, म्हणजे चालू लॉगिनच्या नोंदींचं, टेबल असेल तर पासवर्डबरोबर चालू लॉगिनही तोडा, नाहीतर जुन्या टोकनने कोणीही आत येईल.

थेटबोल: एमडी५वाल्यांपुरतं तुमचं बरोबर, घ्या. बाकीच्यांना पाच महिन्यांचा हिशोब देण्याची गरज मला अजूनही पटत नाही.

मदतकक्ष: मेल टप्प्याटप्प्याने सोडा. सगळे एकदम लॉगिनला आले तर पासवर्ड बदलायचं पानच कोलमडेल.