शब्दचर्चा : ‘समान उद्देश’, ‘सामाईक इरादा’ आणि ‘गैरकायद्याची मंडळी’

अनुवादिका

मारामारीत झालेल्या एका खुनाच्या खटल्याचा निकाल मी मराठीत आणते आहे. एकाने केलेल्या कृत्याला बाकीच्यांना कधी जबाबदार धरायचे, हे त्यात दोन कलमांवर ठरते. भारतीय दंडसंहितेच्या कलम 34 मधील ‘कॉमन इन्टेन्शन’ला मी पहिल्या पानापासून ‘समान हेतू’ लिहिले आणि कलम 149 मधील ‘कॉमन ऑब्जेक्ट’लाही तेच शब्द वापरले. तपासणाऱ्या ज्येष्ठांनी दोन्ही ठिकाणी लाल रेघ मारून समासात एवढेच लिहिले आहे : ‘हे दोन वेगळे आहेत, आणि हेतू तर दोन्हींत नाही.’ मी आधार म्हणून पोलिसांच्या फिर्यादी पाहिल्या, तर एकीत ‘आपसांत संगनमत करून’ असे होते, दुसरीत ‘गैरकायद्याची मंडळी जमवून, मंडळीचे समाईक उद्देशाचे पूर्तीकरिता’ असे होते. एका अनुवादात ‘समान उद्देश’ आणि ‘समान उद्दिष्ट’ अशी जोडीही सापडली. यांपैकी कोणते शब्द घ्यावेत, आणि ते वेगळे का ठेवावेत?

संशयात्मा

फरक फक्त संख्येचा आहे. दोन ते चार माणसे असली की 34, पाच किंवा अधिक असली की 149. कल्पना एकच आहे, म्हणून शब्दही एकच ठेवला तरी वाचकाचे काही बिघडत नाही. जमावात असलेला प्रत्येक जण गुन्हेगार, हे दोन्हीकडे सारखेच.

वकिली_कोट

संशयात्मांचे पहिले वाक्य अर्धे खरे आहे. कलम 149 लागण्यासाठी किमान पाच माणसांचा बेकायदा जमाव, म्हणजे फिर्यादीतली ‘गैरकायद्याची मंडळी’, लागतो, हे बरोबर. पण 34 ला वरची मर्यादा नाही. आठ जणांनी मिळून ठरवून एकाला मारले, तर त्या आठांनाही 34 लागू शकते. त्यामुळे संख्या ही दोन कलमांमधली भिंत नव्हे.

आता शब्दांकडे येतो. ताई, ‘हेतू’ आधी बाजूला काढा. भाऊबंदकी, जुनी उधारी, निवडणुकीतला राग, हे सारे हेतू, म्हणजे माणूस गुन्ह्यापर्यंत का पोचला याची उत्तरे. आपल्या हातून काय घडवायचे आहे हे त्या क्षणी मनात असते, तो इरादा. एकाच प्रसंगात पाच जणांचे हेतू पाच प्रकारचे असूनही त्यांचा इरादा एक असू शकतो. उलट हेतू एक असूनही इरादे निरनिराळे असू शकतात.

याहून मोठी चूक ‘समान’ या शब्दात दडली आहे. 1945 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधील शेवटच्या अपील न्यायालयाने, महबूब शाह याच्या अपिलात जो निकाल दिला, त्याचा सगळा भार याच शब्दावर आहे. सिंधू नदीच्या काठचे बोरू कापून काही जण होडीने परतत होते. वाटेत गुलाम कासिम शाह नावाच्या माणसाने त्यांना अडवले आणि बोरू काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अल्लाह दाद याने त्याला बांबूने मारले. कासिमने मदतीसाठी हाक दिली. ती ऐकून वली शाह आणि महबूब शाह असे दोघे बंदुका घेऊन धावत आले. वली शाहने अल्लाह दादवर गोळी झाडली आणि तो मेला. महबूब शाहने दुसऱ्या एकावर झाडली, त्याला किरकोळ जखमा झाल्या. वली शाह फरारी झाला. खालच्या न्यायालयांनी महबूब शाहला 34 च्या आधारे अल्लाह दादच्या खुनासाठी दोषी धरले होते. प्रिव्ही कौन्सिलने ती खुनाची शिक्षा रद्द केली. दोघांच्याही मनात कासिमला सोडवायचे आणि गरज पडल्यास बंदूक चालवायची असे असेल, पण तो प्रत्येकाचा आपापला, एकसारखा इरादा झाला. दोघांनी मिळून एका विशिष्ट माणसाला मारायचे असे त्यांच्यात ठरले होते, हे पुराव्यातून दिसत नव्हते. दोघांचे इरादे सारखे असणे म्हणजे दोघांचा एक इरादा असणे नव्हे, आणि त्या दोहोंमधली भिंत पुष्कळदा फार पातळ असते, असे त्या निकालात म्हटले आहे.

आता मला सांगा, ‘समान इरादा’ असे लिहिल्यावर वाचकाला यातले काय कळेल? ज्या गोष्टीने महबूब शाह सुटला, नेमकी तीच गोष्ट त्या शब्दाने पुसली जाते.

मोडीप्रेमी

हे मला प्रथमच इतके लख्ख दिसले. मराठीत ही भिंत ‘समान’ आणि ‘सामाईक’ या दोन शब्दांनी आधीच बांधून ठेवलेली आहे. दोन भावांच्या दोन समान विहिरी असतील तर त्या एकसारख्या खोलीच्या, एकसारख्या पाण्याच्या आहेत एवढेच. विहीर सामाईक असेल तर ती एकच आहे आणि दोघांचा तिच्यात हक्क आहे. सातबाऱ्यावर ‘समान विहीर’ असे कोणी लिहीत नाही. तेव्हा 34 साठी ‘सामाईक इरादा’ हाच शब्द. फिर्यादी लिहिणाऱ्या हवालदारांची भाषा आपण हसण्यावारी नेतो, पण ‘समाईक’ त्यांनी योग्य जागी ठेवला आहे.

माझा प्रश्न ‘संगनमता’बद्दल आहे. तो शब्द ‘सामाईक इराद्या’हून सुटसुटीत आहे आणि लोकांच्या तोंडात आहे. तोच का घेऊ नये?

वकिली_कोट

फिर्यादीत राहू द्या, निकालाच्या अनुवादात नको. ‘संगनमत’ म्हटले की चार डोकी आदल्या रात्री बसली होती असे वाचकाला वाटते. 34 ला आधी एकमत लागते हे खरे, पण ते घटनास्थळी, काही क्षणांत, एका इशाऱ्यानेही होऊ शकते. शिवाय गुन्हेगारी कट हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यात प्रत्यक्ष कृत्य घडण्याआधी ठरवणे हेच मुख्य असते. ‘संगनमत’ लिहिले की 34 आणि कटाचे कलम 120-ब एकमेकांत मिसळतात, आणि निकालात दोन्ही आरोप असले तर तुमची चांगलीच पंचाईत होईल.

बांधावरचा

मी शब्दांसाठी नाही, स्वतःच्या कामासाठी लिहितो आहे, माफ करावे. माझ्या मेहुण्याचे नाव एका फिर्यादीत आहे. बांधावरून भांडण झाले, समोरच्याचे डोके फुटले. मेहुणा म्हणतो, मी हात लावला नाही, मी कडेला उभा होतो. फिर्यादीत चार जणांची नावे आहेत आणि पुढे ‘व इतर 2 ते 3 अनोळखी इसम’ असे आहे. म्हणजे कडेला उभा राहिलेला सुटला ना?

संशयात्मा

ज्याने मारले नाही तो कसा अडकेल? उघड आहे, सुटला.

वकिली_कोट

उघड मुळीच नाही. कलकत्त्यातल्या एका टपाल कचेरीत पोस्टमास्तर पैसे मोजत असताना काही जणांनी येऊन पैसे मागितले आणि गोळी घालून त्याला ठार केले. त्या खटल्यातला बारेंद्रकुमार घोष म्हणत होता की मी बाहेर अंगणात उभा होतो. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने त्याची शिक्षा कायम केली, कारण ठरलेल्या कामात बाहेर पहारा देत उभे राहणे हाही वाटाच असतो. पण बांधावरचा, तुमच्या मेहुण्यासाठी प्रश्न असा आहे की तो कोणाबरोबर, कशासाठी, काय हातात घेऊन आला. भांडण ऐकून बघायला आलेला माणूस आणि पहारा देणारा माणूस दोघे कडेलाच उभे दिसतात. ते त्याच्या वकिलांनी साक्षींतून काढायचे आहे. माझे लिहिणे हा सल्ला समजू नका.

‘व इतर 2 ते 3 अनोळखी इसम’ हे शब्द मात्र हलके घेऊ नका. चार नावांवर 149 उभे राहत नाही, ते या शब्दांमुळे राहते. मोहन सिंग याच्या 1962 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब उलगडून सांगितली : आरोप फक्त पाच नावांच्या माणसांवर असेल आणि त्यांतले दोन निर्दोष ठरले, तर उरलेल्या तिघांचा बेकायदा जमाव होत नाही, पण अनोळखी माणसेही होती असा आरोप आणि पुरावा असेल, तर तीन सापडलेल्यांवरही तो लागू राहतो. 34 मध्येही याच जातीचा पेच येतो. कृष्णा गोविंद पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1963 च्या निकालात चार आरोपी होते, तीन निर्दोष ठरले आणि एकाला 34 च्या मदतीने शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली, कारण जे निर्दोष ठरले त्यांच्याबरोबर त्याचा सामाईक इरादा होता असे म्हणता येत नाही, आणि ज्यांचे नाव-ठिकाण आरोपातच नाही असे दुसरे कोणी पुराव्यात नव्हते.

अनुवादिका

34 बद्दल समजले. मग 149 मध्ये ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे नेमके काय?

वकिली_कोट

जमाव कशासाठी जमला, ते. इथे मनांची आधी गाठ पडणे लागत नाही, जमावाचे काम ठाऊक असून त्यात सामील होणे पुरते. आणि कलमाचे दोन भाग आहेत. जमावाचे उद्दिष्ट साधण्यासाठी केलेला गुन्हा हा पहिला भाग. असा गुन्हा घडण्याचा संभव आहे हे सदस्यांना ठाऊक होते, हा दुसरा. मिझाजीच्या 1958 च्या खटल्यात काही जण शस्त्रे घेऊन शेताचा ताबा बळाने घ्यायला गेले, विरोध झाला, आणि एकाने पिस्तुल झाडून एकाला ठार केले. जमलेल्यांचे उद्दिष्ट ताबा घेणे हे होते, खून नव्हे. तरीही बळाने ताबा घ्यायला सशस्त्र जाणाऱ्यांना माणूस मरू शकतो हे माहीत असते, म्हणून बाकीच्यांवरही खुनाची जबाबदारी आली. 34 मध्ये असा ‘ठाऊक होते’ हा दुसरा दरवाजा नाही. म्हणून 149 चे जाळे मोठे, आणि ‘जमावात होता म्हणजे गुन्हेगार’ हे संशयात्मांचे वाक्य त्याच्याजवळ जाते, पण पोचत नाही. कारण जमावाचे काम न कळता गर्दीत सापडलेला माणूस सदस्य नसतो.

दुसरा फरक असा की 149 स्वतःच वेगळा गुन्हा घडवते, 34 तसे घडवत नाही. ते केवळ जबाबदारी वाटून देण्याचा नियम आहे. 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत 149 चे कलम 190 आणि 34 चे कलम 3 (5) झाले आहे, शब्दयोजना जवळपास तीच आहे. जुना खटला असेल तर आकडे जुनेच ठेवा.

मोडीप्रेमी

मग ‘ऑब्जेक्ट’ला ‘उद्दिष्ट’ ठीक, पण ते विक्री विभागाच्या कागदासारखे वाटते. ‘सामाईक उद्देश’ ठेवावे का?

अनुवादिका

तोच घोळ परत येईल. ‘उद्देश’ काही अनुवादांनी 34 साठी वापरला आहे, फिर्यादींनी तोच 149 साठी. मी 34 ला ‘सामाईक इरादा’ पक्के केले आहे. 149 साठी ‘जमावाचे सामाईक उद्दिष्ट’ असे लांब लिहावे असे वाटते आहे, म्हणजे जमाव शब्दातच दिसेल. तपासणारे ज्येष्ठ मान्य करतील का, ते उद्या विचारते.

संशयात्मा

मला अजून पटलेले नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाला लोक ‘बघ्या’ म्हणतात, आणि बघ्याला तुरुंग कशाला, हे न्यायालयाने मला मराठीत सांगावे.

वकिली_कोट

बघ्याला नाहीच. फक्त तो बघ्या होता की पहारेकरी, हे साक्षीदारांच्या उलटतपासणीत ठरते, शब्दकोशात नाही.