मदत हवी आहे : कुलसचिवांना पत्र, पण नाव कोणतं लिहू?

नमस्कार. मी कोल्हापुरात एम.ए. करते. माझ्या पणजीने 1930 च्या दशकात राजाराम कॉलेजातून बी.ए. केलं. शिवाजी विद्यापीठ 1962 चं, तेव्हा कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं; म्हणून तिच्या नावनोंदणीच्या उताऱ्यासाठी पत्र मुंबईच्या कुलसचिवांना लिहिते आहे. अडचण नावाची आहे. घरात फक्त सासरचं नाव माहीत, नोंद बहुधा माहेरच्या नावाने असणार. मॅट्रिकही तेव्हा मुंबई विद्यापीठच घेई, म्हणजे नाव तिथूनच पुढे गेलं असेल. पत्रात दोन्ही नावं, वडिलांचं नाव आणि अंदाजे तीन वर्षं दिली तर शोध घेतात का? की आधी विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरमधली पदवीधरांची यादी पाहू? ती कोल्हापुरात कुठे बघायला मिळेल? कुणी असा उतारा मिळवला असेल तर कृपया सांगा. तिचं माहेरचं नाव मला परत मिळवायचं आहे.