मदत हवी आहे: पुढच्या शिक्षणासाठी हॉस्पिटल सोडतेय, राजीनामा कसा लिहू?

आयसीयू_सिस्टर:
नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंगनंतर चार वर्षं एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. यंदा एम.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली आणि पहिल्याच फेरीत कॉलेज लागलं. वर्ग सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतील असं कळलंय. नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिली आहे.

अडचण मेट्रन मॅडमची आहे. रुजू झाले तेव्हा मला सेंट्रल लाईनचं ड्रेसिंग नीट जमत नव्हतं, ते त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं. आता स्टाफ कमी आहे, या महिन्यात तीनदा डबल ड्यूटी झाली, आणि त्यात मी निघाले. पत्र मराठीतच द्यायचंय, आमच्याकडे तसंच चालतं. सुरुवात अशी केलीय:

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की काही अपरिहार्य कारणांमुळे मला नाइलाजाने राजीनामा द्यावा लागत आहे. माझ्यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल मी मनापासून क्षमा मागते. शक्य झाल्यास मला लवकरात लवकर मोकळे करावे."

वाचून मलाच कसंतरी होतंय. काय बदलू?

सरळसोट:
एवढं कशाला? "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे", खाली सही. कारण सांगायचं बंधन नाही. आणि महिनाभर थांबायचीही गरज नाही, महिन्याचा पगार भरला की दुसऱ्या दिवशी मोकळं.

घाटमाथा:
माझी बहीण जिल्हा रुग्णालयात आहे, तिने राजीनामा दिलाच नाही. अभ्यास रजा मंजूर करून घेतली आणि शिकून परत त्याच जागेवर आली. तुम्हीही रजेचा अर्ज करा, नोकरी कशाला घालवता?

आयसीयू_सिस्टर:
@घाटमाथा, ती सरकारी नोकरी. आमच्याकडे बाळंतपणाच्या रजेलाही तोंडं वाकडी होतात. :)

निवृत्त_मेट्रन:
एकतीस वर्षं या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बसले आहे, म्हणून लिहिते.

सरळसोट म्हणतात ते निम्मं बरोबर. कारण लिहायची सक्ती नाही, पण शिक्षणाचं कारण लपवून काय मिळणार? "वैयक्तिक" लिहिलं की वॉर्डात लगेच चर्चा, कुणाशी भांडली असेल. आणि पगार भरून सुटायची सोय नेमणूकपत्रात असेल तरच. नसेल तर ते मॅनेजमेंटच्या मर्जीवर.

आता तुझं पत्र. "दुःख", "नाइलाज", "क्षमा" हे सगळं काढ. शिकायला जाणं हा गुन्हा नाही. "लवकरात लवकर" तर मुळीच नको. मेट्रनला पत्रात आधी तारीख दिसायला हवी, कारण तिला त्या तारखेपासूनचं ड्यूटी रोस्टर लावायचं असतं. ५ ऑगस्टला पत्र दिलंस तर ६ पासून मोजून तिसावा दिवस ४ सप्टेंबर येतो. तीच तारीख लिही. पण ४ ला नाईट लागली तर ती ५ ला सकाळी संपते, आणि मग शेवटचा दिवस कोणता यावरून ऑफिसशी हुज्जत. इनचार्ज सिस्टरला आत्ताच सांग, त्या दिवशी सकाळपाळी लाव म्हणून. नो ड्यूजच्या कागदावर स्टोअर, फार्मसी, लिनन यांच्या सह्याही दिवसाच मिळतात.

आभार एकाच गोष्टीचे मान. ते ड्रेसिंगचं लिही. "मोलाचे मार्गदर्शन लाभले" असं प्रत्येक पत्रात असतं, ते डोळ्यांखालून जातं, आत पोचत नाही.

पत्र देण्याआधी मॅडमना समोर भेट. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर कितीही गोड पत्र असू दे, राग राहतो. आणि दोन प्रती ने, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घे. तारखेवरून वाद झालाच तर तोच कामाला येतो.

एक विचारते, तुझी मूळ सर्टिफिकिटं कुठे आहेत?

आयसीयू_सिस्टर:
ऑफिसमध्येच. रुजू होताना जमा करून घेतली होती. :(

निवृत्त_मेट्रन:
मला वाटलंच. मग राजीनाम्याची घाई करू नकोस. कॉलेजला प्रवेश पक्का करताना मूळ कागद दाखवावे लागतील. आधी राजीनामा दिलास आणि ऑफिस कागद देईना, तर सीटही जाईल आणि नोकरीही. म्हणून आधी वेगळा, साधा अर्ज कर: प्रवेशाच्या पडताळणीसाठी मूळ प्रमाणपत्रं आणि आजपर्यंतच्या सेवेचा अनुभव दाखला हवा आहे. एम.एस्सी.ला बी.एस्सी.नंतरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतोच, त्यामुळे दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख, हुद्दा आणि "आजतागायत कार्यरत" एवढं असलं पाहिजे. कागद हातात, सीट पक्की, मग राजीनामा.

अशी कागदपत्रं अडकवून ठेवण्याविरुद्ध इंडियन नर्सिंग कौन्सिलची परिपत्रकं आहेत. ती पहिल्या भेटीत पुढे करू नकोस. नाही म्हणाले तर मात्र जरूर कर.

सरळसोट:
बरं, ते सर्टिफिकिटांचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण बाँड असेल तर?

निवृत्त_मेट्रन:
बाँडचं त्यातली कलमं वाचल्याशिवाय काही सांगत नाही.

आयसीयू_सिस्टर:
माझा दोन वर्षांचा होता, संपलाय. सगळं वाचून नव्याने लिहिलं:

"प्रति, मा. मेट्रन. मार्फत: इनचार्ज सिस्टर, आयसीयू.
विषय: स्टाफ नर्स पदाचा राजीनामा.

महोदया,
एम.एस्सी. नर्सिंगसाठी माझा प्रवेश निश्चित झाला असल्याने मी स्टाफ नर्स पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील एक महिन्याच्या नोटिशीप्रमाणे ४ सप्टेंबर हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस असेल.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात सेंट्रल लाईनचे ड्रेसिंग आपण स्वतः शेजारी उभे राहून मला शिकवले. गेल्या वर्षी दोन नवीन सिस्टरना मी ते तसेच शिकवू शकले. याबद्दल मी आपली ऋणी आहे.

क्रॅश कार्टची तपासणी आणि नार्कोटिक औषधांची चावी व रजिस्टर सध्या माझ्याकडे आहे. आपण सांगाल त्या सिस्टरना शेवटच्या आठवड्यात रोज सोबत घेऊन, साठा मोजून, दोघींच्या सह्यांनिशी मी ते सोपवीन.

४ सप्टेंबरला मला कार्यमुक्त करून कार्यमुक्ती पत्र व पूर्ण सेवेचा अनुभव दाखला द्यावा, ही विनंती.
आपली विश्वासू"

निवृत्त_मेट्रन:
हे पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर सही करून आधी चहा मागवला असता. चावीचं लिहिलंस ते फार बरं केलंस. एक ॲम्प्यूल कमी भरली तर गेलेल्या सिस्टरवरच बोट दाखवतात. फक्त "प्रवेश निश्चित झाला" हे वाक्य तो खरोखर झाल्यावरच टाक.

घाटमाथा:
आणि पीएफ? काढून फी भरता येईल ना?

निवृत्त_मेट्रन:
ते ऑफिसला विचार, बाई. माझा विषय वॉर्डाचा. :)

फंडवाला:
अडलंच नाही तर काढू नका. पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो. पुढच्या नोकरीत त्याच यूएएनला जोडता येतो. हॉस्पिटलने सोडल्याची तारीख ऑनलाईन भरली का, तेवढं नंतर बघा.

आयसीयू_सिस्टर:
आज मॅडमना भेटले. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, "स्पेशालिटी कुठली घेतेस?" मेडिकल सर्जिकल म्हटल्यावर मान हलवली. कागदांचा अर्ज त्यांनी स्वतः सही करून ऑफिसला पाठवलाय. ऑफिस म्हणतंय, ट्रस्टी सोमवारी येतील तेव्हा बघू. कॉलेजची मुदत बुधवारपर्यंत आहे. राजीनामा पर्समध्येच आहे, वरची तारीख कोरी ठेवून.