मदत हवी आहे: चिवड्याचा भाव, लॉग-लॉग रिग्रेशन आणि उणे ०.१८

चिवडा_पंचवटी

नमस्कार मंडळी. पंचवटीत मालेगाव स्टँडच्या अलीकडे आमचं चिवडा-फरसाणाचं दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. मी अर्थशास्त्रात एम.ए. करतोय, दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी मागणीची लवचिकता घ्यायची ठरवली आणि म्हटलं आकडे घरातच आहेत, बाहेर कशाला जा. बाबांच्या रोजमेळाच्या वह्यांमधून एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ असे १०४ आठवडे एक्सेलमध्ये उतरवले. B मध्ये पोह्याच्या चिवड्याचा किलोचा भाव, C मध्ये त्या आठवड्यात विकलेले किलो. पुढे हे केलं:

```
D2: =LN(B2)
E2: =LOG(C2)
=LINEST(E2:E105,D2:D105)
```

उत्तर आलं उणे ०.१८. म्हणजे भाव १ टक्का वाढवला तर खप फक्त ०.१८ टक्का घटतो. बाबांना सांगितलं तर ते खूश, "मग २८० चे ३०८ करून टाकू." मला मात्र धाकधूक आहे. भाव वाढला की गिऱ्हाईक कसं तोंड वाकडं करतं ते मी गल्ल्यावर बसून रोज बघतो. माझं वाचन चुकतंय की गणित?

फावला_वेळ

वाचन बरोबर आहे. दोन्हीकडे लॉग घेतला की सहगुणक थेट टक्क्यात वाचायचा, त्यासाठीच तर लॉग घेतात. ०.१८ म्हणजे मागणी ताठर. भाव वाढवा, गल्ला वाढेल.

सातपूरची_मावशी

बाळा, एवढं गणित कशाला? अर्धा किलोच्या पाकिटात साडेचारशे ग्रॅम भर, भाव तोच ठेव. सगळे तेच करतात.

चिवडा_पंचवटी

मावशी, बाबा ऐकणार नाहीत. वजनकाट्यावरून ते आजोबांचं नाव काढतात :)

निवृत्त_आकडेमोड्या

थांबा, भाव वाढवायची घाई नको. तुमचे दोन कॉलम वेगवेगळ्या पायाचे आहेत. एक्सेलमध्ये LN हा नैसर्गिक लॉग आणि LOG ला दुसरं काही सांगितलं नाही तर तो पाया १० धरतो. तुम्ही भावाचा LN घेतला आणि किलोचा LOG, त्यामुळे उत्तर २.३०२६ पट लहान झालं. दोन्हीकडे LN करा, साधारण उणे ०.४२ यायला हवं. दोन्हीकडे LOG केलंत तरी तेच येईल, कारण पाया सारखा असला की तो वरून-खालून कटतो. घोळ होतो तो मिसळल्यावर, आणि एक्सेल त्यावर चकार शब्द काढत नाही.

पण उणे ०.४२ वरही माझा विश्वास बसत नाही. या दोन वर्षांत भाव किती वेळा बदलला, आणि कधी?

चिवडा_पंचवटी

काका, खरंच उणे ०.४२ आलं! भाव पाच वेळा बदलला, २४० ते २८० च्या दरम्यान. दोन्ही वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाढवला होता. २०२४ मध्ये जरा आधीच, कारण १४ सप्टेंबरला सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं आणि तेलाचा डबा लगेच महागला.

निवृत्त_आकडेमोड्या

मग दुखणं तिथेच आहे. दिवाळीत भावही चढा आणि खपही चढा. रिग्रेशनला दिवाळी ठाऊक नाही. त्याला एवढंच दिसतं की महाग असतानाही लोक भरपूर नेतात, म्हणून तो समजतो की लोकांना भावाचं काही पडलेलं नाही. आणखी एक कॉलम करा, दिवाळीआधीचे चार आठवडे १ आणि बाकी सगळे ०, आणि तोही मॉडेलमध्ये घाला.

चिवडा_पंचवटी

घातला. भावाचा सहगुणक उणे १.५५ झाला! प्रमाण त्रुटी ०.३८. दिवाळीचा सहगुणक ०.९५. म्हणजे दिवाळीत खप ९५ टक्के वाढतो, बरोबर ना?

फावला_वेळ

हो, तोही टक्क्यातच वाचायचा. आणि आता १ च्या वर गेला म्हणजे मागणी लवचिक. मी शब्द मागे घेतो, भाव अजिबात वाढवू नका, गल्ला घटेल.

निवृत्त_आकडेमोड्या

फावला_वेळ, दोन्ही ठिकाणी अर्धं बरोबर.

दिवाळीच्या कॉलमचा लॉग आपण घेतलेलाच नाही, तो ० नाहीतर १ आहे. खपाच्या लॉगमध्ये ०.९५ ची भर पडते म्हणजे खप e च्या ०.९५ घाताने गुणला जातो, साधारण २.५९ पट. वाढ १५९ टक्के, ९५ नव्हे. सहगुणक ०.०५ असता तर फरक जाणवला नसता, एवढ्या मोठ्या आकड्याला तो गिळून टाकतो. आणि इथे पायाही महत्त्वाचा. दोन्हीकडे LOG वापरला असता तर भावाचा सहगुणक तोच राहिला असता, पण दिवाळीचा ०.४१ च्या आसपास दिसला असता.

भावाच्या बाबतीतही "१ टक्क्याला १.५५ टक्का" हे लहान बदलापुरतं. २८० चे ३०८ म्हणजे १० टक्के. १.१ चा उणे १.५५ वा घात घ्या, ०.८६३ येतो. खप १३.७ टक्के घटतो, १५.५ नव्हे.

आता गल्ला. १.१ गुणिले ०.८६३ म्हणजे ०.९४९, गल्ला ५ टक्क्यांनी घटेल हे खरं. पण दुकान गल्ल्यावर चालतं की नफ्यावर? किलोमागे खर्च किती येतो?

चिवडा_पंचवटी

पोहे, तेल, शेंगदाणे, मजुरी, पाकीट सगळं धरून २१० रुपये, बाबांच्या हिशोबाने.

निवृत्त_आकडेमोड्या

म्हणजे आज किलोमागे ७० सुटतात, १०० किलोला ७,०००. ३०८ केल्यावर किलोमागे ९८ सुटतील आणि खप ८६.३ किलो. नफा सुमारे ८,४६०. गल्ला घटला, नफा वाढला. तुमच्या सहगुणकाची ९५ टक्के मर्यादा साधारण उणे ०.८ ते उणे २.३. वाईट टोक धरलं तरी ८०.३ किलो आणि ७,८७० रुपये. नफा आजच्याएवढाच राहण्यासाठी लवचिकता उणे ३.५ च्या आसपास जायला हवी.

फावला_वेळ

मग सूत्रच लावा ना! लवचिकता १.५५ कायम धरली तर जास्तीत जास्त नफ्याचा भाव निघतो खर्च गुणिले १.५५ भागिले ०.५५. म्हणजे ५९२ रुपये किलो!!

सातपूरची_मावशी

५९२ ला मी काजू आणेन.

निवृत्त_आकडेमोड्या

मावशींनी उत्तर दिलं. सूत्र चुकलेलं नाही, पण लवचिकता सगळ्या भावांना तीच राहते ही लॉग-लॉगची आपली समजूत आहे, गिऱ्हाइकाची नव्हे. वहीतले भाव २४० ते २८०. त्या पट्ट्यात रेघ सरळ धरून चालतं, ३०८ ला जरा ताणून. ५९२ ला गिऱ्हाईक काय करेल याबद्दल वहीत एक ओळसुद्धा नाही.

निफाडचा_कांदेवाला

चांगली चर्चा. माझंही असंच अडलंय. लासलगावच्या रोजच्या आवकेचा आणि सरासरी भावाचा लॉग घेऊन मांडलं. आवकेचा भावाशी सहगुणक आला अधिक ०.३. म्हणजे कांदा महागला की लोक जास्त खातात? माझा पुतण्या म्हणतो डेटा चुकलाय.

निवृत्त_आकडेमोड्या

डेटा ठीक असेल, प्रश्नच वेगळा झालाय. भाव चढला की चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर निघतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या ०.३ मध्ये शेतकऱ्याचं वागणं आणि व्यापाऱ्याचं वागणं एकात एक मिसळलंय, त्याला मागणीची लवचिकता म्हणता येत नाही. १९१४ मध्ये हेन्री मूर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने कच्च्या लोखंडाच्या आकड्यांवरून भाव वाढला की मागणी वाढते असं काढलं होतं, तेव्हापासूनचं हे दुखणं आहे. ज्याने फक्त पुरवठा हलला, मागणी नाही, असं काही हाताशी हवं. अवकाळी पाऊस, गारपीट वगैरे.

निफाडचा_कांदेवाला

गारपीट आमच्याकडे कमी नाही साहेब. पण गारपिटीनंतर निर्यातीचं धोरणही बदलतं, मग काय करायचं? असो, वेगळा धागा काढतो.

निवृत्त_आकडेमोड्या

चिवडा_पंचवटी, तुमच्या कामात मला दोन गोष्टी टोचतायत. १०४ ओळी असल्या तरी भाव बदलले पाचच वेळा, त्यामुळे ती ०.३८ प्रमाण त्रुटी मला फार आशावादी वाटते. मर्यादा प्रत्यक्षात याहून रुंद असणार. दुसरं, तेल महागलं ते सगळ्यांचंच. तेव्हा शेजारच्या दुकानांनीही भाव वाढवला असेल, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाऊन फायदा नव्हता. आता तुम्ही एकट्यानेच ३०८ केले तर? ती लवचिकता उणे १.५५ पेक्षा मोठी असणार, आणि आपली सीमा आहे उणे ३.५. तुम्ही वाढवला आणि शेजाऱ्याने नाही, असे काही आठवडे आहेत का?

चिवडा_पंचवटी

आहेत! १६ सप्टेंबर २०२४ ला आम्ही २६४ चे २८० केले, समोरच्याने तीन आठवड्यांनी वाढवला. आधी आठवड्याला सरासरी ९२ किलो जायचे, त्या तीन आठवड्यांत ७८.

```
=LN(78/92)/LN(280/264)
```

उणे २.८१ येतंय. घाबरलो.

निवृत्त_आकडेमोड्या

छान काढलंत. पण कॅलेंडर बघा. १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर पितृपक्ष होता, आणि लगेच नवरात्राचे उपास.

सातपूरची_मावशी

पितृपक्षात आमच्याकडे तर चिवडा येतच नाही.

चिवडा_पंचवटी

२०२३ ची वही काढली. तेव्हाचा पितृपक्ष ३० सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, त्यात भाव बदललेला नव्हता. आधी ८० किलो, पितृपक्षात ७१. म्हणजे लॉगमध्ये ०.११९ ची घट नुसत्या पितृपक्षाची. ती २०२४ च्या ०.१६५ मधून वजा केली तर भावाच्या वाट्याला ०.०४६ उरतात, आणि लवचिकता येते उणे ०.७८.

मगाशी उणे २.८१, आता उणे ०.७८. काका, हे काय आहे?

निवृत्त_आकडेमोड्या

तीन आठवड्यांचा आणि एका पितृपक्षाचा डेटा आहे. त्यात २०२३ ला तुम्ही दोनच आठवडे धरलेत आणि २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात नवरात्र आहे, तेव्हा वजाबाकीही सरळ नाही. दोन्ही उत्तरं प्रोजेक्टमध्ये लिहा, कशी काढली ते लिहा. दुकानासाठी ३०८ ऐवजी आधी २९० करा, सण नसलेला महिना बघून, आणि समोरचा भाव कधी बदलतो ते रोज वहीत टिपा.

फावला_वेळ

२९० म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. एवढ्याने खपाच्या रोजच्या चढ-उतारात काही दिसेल का?

निवृत्त_आकडेमोड्या

एका महिन्यात कदाचित नाही दिसणार. हा आक्षेप रास्त आहे.

चिवडा_पंचवटी

बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी २.८१ ऐकलं नाही, ०.७८ ऐकलं नाही, फक्त विचारलं, "समोरच्याचा भाव रोज कोण बघून येणार?" आजपासून ते काम माझ्याकडे आहे. भाव अजून २८० च.