मदत हवी आहे: एफ अँड एफच्या कागदावर सही करू का?

नोकरी सोडली, काल फुल अँड फायनलचा हिशेब हातात आला. शेवटचा पगार 22,000 आणि रजेचे 18,000, म्हणजे 40,000 येणे. नोटिशीचे दिवस कमी भरले म्हणून वसुली 52,000. ती माझीच चूक, मान्य आहे.

अडलंय ते ग्रॅच्युइटीवर. बेसिक अधिक महागाई भत्ता 26,000, नोकरी 7 वर्षं 8 महिने. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे माझी 8 वर्षं:

```
26000 × 15/26 × 8 = 120000
```

त्यांनी 7 च वर्षं धरून 1,05,000 लावलेत. वर वसुलीतले कमी पडलेले 12,000 त्यातूनच कापून हातात 93,000. माझ्या समजुतीप्रमाणे ग्रॅच्युइटी रोखता येते ती नुकसान किंवा गंभीर गैरवर्तनामुळे कामावरून काढलं तरच. मी तर राजीनामा दिलाय. नोटिशीचे पैसे त्यांनी वेगळे मागावेत ना?

खाली सहीच्या ओळीवर छापलंय, ‘वरील रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून मान्य, यापुढे कोणताही दावा नाही’. एचआर म्हणतं, आधी सही, मग पैसे. (तोंडी, अर्थातच. मेलवर काही नाही.)

‘हक्क राखून, ग्रॅच्युइटीची रक्कम अमान्य’ असं हाताने लिहून सही केलेली कुणी पाहिली आहे का? कंपनीने तो कागद घेतला का? की सही न करता आधी ग्रॅच्युइटीचा लेखी अर्ज देऊन 30 दिवस थांबू?