आजीच्या यादीतल्या उभ्या दांड्या : १। म्हणजे किती?

पारोळ्याची नात : आजीच्या हातची किराण्याची यादी सापडली आहे. तिच्याप्रमाणे सामान आणायचं आहे, पण एका जातीचं एकत्र लिहून, म्हणजे दुकानात एकदाच मागता येईल. यादी अशी :

काया मसाला : धना ॥।, खोबरं ॥, लवंग १ छ
कयना : ज्वारी ५, उडीद १।
घर : तुरनी दाय १॥, गूय १।, खोबरं ।

आपल्याकडे ळ चा य होतो, त्यामुळे काया, कयना, दाय, गूय हे लगेच लागलं. अडलं ते आकड्यांशी. उडीद ११ किलो आणि गूळही ११ किलो? आणि शेवटच्या खोबऱ्यापुढे नुसती रेघच आहे.

चाळीसगावकर : ११ नाही, सव्वा आहे. एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. डाळ दीड किलो, खोबरं अर्धा किलो. सगळं किलोतच धरा, विषय संपला.

रावेरची सून : काळ्या मसाल्याला धने पाऊण किलो असतील तर दगडफूल आणि मसाला वेलची का नाही यादीत? आम्ही शहाजिरंही घालतो. भरीत करायचं असेल तर मात्र हा मसाला नकोच, त्याला हिरवी मिरचीच हवी.

पारोळ्याची नात : काकू, मसाल्याचा प्रश्न नाहीये. मला आकडे लावायचे आहेत. बाकीचं बहुतेक घरात असेल.

अमळनेरचे जुने दुकानदार : दांड्यांचं चाळीसगावकरांनी बरोबर सांगितलं. पण ताई, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, कागदावरच ताळा करून पाहा. आजी १ कसा काढत होत्या ते 'तुरनी दाय' मध्ये बघा. एकाला वर गाठ आणि खाली शेपूट असते, दांडी सरळ खाली येते. उडदाच्या १। मधली दुसरी खूण पहिलीसारखी गाठीची नसेल तर ती दांडी.

दुसरा ताळा पदार्थाचा. कळण्याला ज्वारी ५ आणि उडीद सव्वा, म्हणजे चारास एक. आमच्याही घरी तेच प्रमाण आहे. ११ धरलं तर उडीद ज्वारीच्या दुपटीहून जास्त होतो, तशी भाकरी कोणी करत नाही. गुळाला असा जोडीदार नाही, म्हणून तिथे खुणेवरच भिस्त ठेवावी लागते.

पारोळ्याची नात : काका, भिंग लावून पाहिलं. दोन्हीकडे दुसरी खूण सरळ आहे, गाठ नाही. मग मी असं लिहू का? खोबरं दोन ठिकाणी आहे, ॥ आणि । मिळून ॥।, म्हणजे पाऊण किलो, एकाच ओळीत.

अमळनेरचे जुने दुकानदार : हो, दांड्या नुसत्या मोजल्या तरी बेरीज होते. दोन आणि एक तीन. चार झाल्या की एक पूर्ण लिहायचा. फक्त मसाल्याचं खोबरं घरी आल्यावर वेगळं काढा, नाहीतर भाजीत संपून जाईल. आणि 'सगळं किलोतच' हे मात्र मी मान्य करणार नाही. दांडी नुसता भाग सांगते, कशाचा ते नाही. लवंगेपुढचा छ म्हणजे छटाक. जुना शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम, आणि छटाक त्याचा सोळावा भाग, ५८ ग्रॅमच्या आसपास. किलोची वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण बायकांच्या तोंडी छटाक बरीच वर्षं राहिला. दुकानात त्याला ५० ग्रॅम देत.

चाळीसगावकर : मग बाकीचंही शेरात असेल की. यादी कधीची आहे?

पारोळ्याची नात : तारीख नाही. मागे बिलही नाही.

चाळीसगावकर : शेर धरला काय नि किलो धरला काय, फरक दर किलोला ६७ ग्रॅम. आणि तो सगळ्या जिनसांना सारखाच, मसाल्याचं प्रमाण बिघडत नाही. किलोत घ्या, लवंग ५० ग्रॅम.

अमळनेरचे जुने दुकानदार : वजनी शेर असेल तर. ज्वारी मापाने मोजली असेल तर शेराचं वजन वेगळं येईल, मग चारास एक हेही मापाचं प्रमाण ठरेल.

धुळ्याचा भाचा : माझी वेगळीच गंमत. आईने मोबाइलवर 'पाव ६' लिहिलं होतं, खालच्या ओळीत 'जिरे पाव'. मी सहा पाव आणले ते बरोबर, पण जिरे पाव किलो आणले. तिला पावशेरचा पाव म्हणायचा नव्हता, पावडर अर्धवट लिहिलं होतं.

पारोळ्याची नात : आता माझी यादी अशी झाली. डाळीत तूर १॥ किलो. मसाल्यात धने ॥।, लवंग ५० ग्रॅम. खोबरं ॥। आणि गूळ १। वेगळ्या ओळींत. ज्वारी ५ आणि उडीद १। एकत्र, दळण म्हणून.

रावेरची सून : उडीद डाळीत का नाही? दुकानदार तिथेच शोधेल.

अमळनेरचे जुने दुकानदार : कळण्याला अख्खा काळा उडीद लागतो. डाळीच्या ओळीत लिहिलात तर पांढरी डाळ बांधून मिळेल. मी तरी दळणातच ठेवीन.

रावेरची सून : मी कडधान्यात लिहून पुढे 'काळे, अख्खे' एवढं घालेन. दळणाची पिशवी आपण घरी भरतो, दुकानात नाही.